टाचेवरची माती

नकाशे तपासण्याच्या विभागात तिला मागून सगळे ‘लाल पेन’ म्हणत, आणि हे तिला ठाऊक होतं. चिडायची नाही. एकवीस वर्षं दुसऱ्यांनी केलेली गणितं तपासायची, चूक सापडली की तांबडी रेघ ओढायची आणि चूक नसली की खाली सही ठोकायची, हेच तिचं काम. ही बाई स्वतःच्या लग्नाची पत्रिकासुद्धा दुरुस्त करून परत पाठवेल, असा एक विनोद ऑफिसात फिरत असे. तिच्या नवऱ्याने तो ऐकला तेव्हा म्हणाला होता, “पाठवलीच होती की! तारीख आणि वार जुळत नव्हते.” तेव्हा तो हसायचा.

तो दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या आणि टोप्या बनवत असे. दिवसभर मेणावर बारीक कोरणी चालवायची आणि संध्याकाळी घरी यायचं. सहा वर्षांपूर्वी त्यांची मुलगी गेली. साडेपाच वर्षांची होती. भिंतीच्या कडेकडेने, नाकासमोर, एका रेषेत चालायची म्हणून तिला घरात ‘मुंगी’ म्हणत. सोमवारी ताप आला, गुरुवारी ती नव्हती. मेंदूला सूज, डॉक्टर म्हणाले. त्यानंतर नवराबायकोत भांडण असं काही झालं नाही, पण बोलणंही राहिलं नाही. गॅस संपलाय, लाइटबिल आलंय, एवढंच. दर रविवारी सकाळी तो एकटाच टेकडीवरच्या दफनभूमीत जाई. पहिल्या रांगेत, कडेच्या दगडी भिंतीजवळ, मुंगीची जागा होती. तिथलं गवत तो कोरणीच्या माणसासारखं एकेक पातं धरून काढी. ती जात नसे. एकदा गेली होती, तर परतताना जिन्यातच बसून राहिली होती.

आणि नेमकी तीच भिंत फुगली.

जुनी दगडी भिंत ती. मागच्या मातीने तिला हळूहळू पोट आणलं होतं. मधल्या भागात चांगली वीतभर पुढे आली होती, आणि खाली रस्ता, बस थांबा, त्याला लागून भाजीवाल्यांच्या हातगाड्या. ऑगस्टमध्ये दोन दगड निसटून रस्त्यावर आले. कुणाला लागलं नाही, पण भाजीवाल्या आजीच्या तराजूचं पारडं चेपलं. वरिष्ठांनी ठरवलं, जुनी भिंत उतरवायची आणि त्याच रेषेत काँक्रीटची नवी उभी करायची.

नवी भिंत कशी, तर पाऊल रोवून उभ्या राहिलेल्या माणसासारखी. उभा पाय काँक्रीटचा, आणि खाली आडवा पाया. पायाचा पुढे येतो तो चवडा, मागे मातीत शिरतो ती टाच. असली भिंत स्वतःच्या वजनावर उभी राहत नाही, तेवढी जाड ती नसतेच. ती ज्या मातीला अडवते त्याच मातीतली थोडी टाचेवर बसते, आणि त्या वजनावर भिंत तगते. टाच जितकी लांब, तितकी जास्त माती पाठीशी. चवडा इथे साठ सेंटिमीटरच्या पुढे काढता येत नव्हता, कारण पुढे रस्त्याखालून अर्ध्या शहराचं पिण्याचं पाणी नेणारी मोठी जलवाहिनी होती. म्हणजे जे काही करायचं ते टाचेने. आणि टाच ज्या दिशेला वाढणार त्या दिशेला, भिंतीच्या पाठीपासून एक मीटर चाळीसवर, पहिली रांग सुरू होत होती. टाच जमिनीच्या किती खाली असते याला अर्थ नव्हता, ती घालायची तर वरून सगळं उकरावं लागतं. रांगेत नऊ जागा होत्या. डावीकडून चौथी मुंगीची.

फाइल तिच्याकडे तपासायला आली तेव्हा तिने साहेबांना सांगायला हवं होतं, की यात माझं माणूस आहे, हे दुसऱ्याला द्या. तिने सांगितलं नाही. तिला वाटलं, दुसरा कोणी बेफिकिरीने टाच दहावीस सेंटिमीटर जास्त ठेवेल आणि सही करून मोकळा होईल. आपण बघितलं तर गरजेपेक्षा एक बोटही जास्त जाणार नाही.

डिझाइन नानांचं होतं. नाना ऑफिसातले सगळ्यात जुने डिझायनर, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. मुंगीच्या वेळी खड्ड्याशी ऑफिसातून आलेला एकटा माणूस तोच होता.

संध्याकाळी निघता निघता तिने फाइल उघडली. पहिल्या पानावर निकालाचा तक्ता. टाचेची लांबी एक मीटर वीस. तिने ते दोनदा वाचलं. एक मीटर वीस! रांगेच्या वीस सेंटिमीटर अलीकडे. मागे पोलादी पत्रे ठोकून खणलं तर एकाही जागेला धक्का लागणार नव्हता. खाली तीन ओळी होत्या. उलटण्याविरुद्ध दोन पूर्णांक अडतीस पट, हवे दोन. सरकण्याविरुद्ध एक पूर्णांक बावन्न, हवे दीड. पायाखालचा जास्तीत जास्त दाब चौरस मीटरला चौदा पूर्णांक नऊ टन, जमीन सोसते पंधरा. तिन्ही ठिकाणी ‘ठीक’.

तिने फाइल छातीशी धरली, पटकन कपाटात ठेवली आणि घरी गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिने न तपासलेली गोष्ट खरी म्हणून सांगितली.

“तिला हलवणार नाहीत,” ती दारातूनच म्हणाली.

नवरा भांडी पुसत होता. त्याचा हात थांबला. “नक्की?”

“भिंत अलीकडेच राहतेय. आकडे पाहिले मी.”

त्याने फडकं खुंटीला लावलं, खुर्ची ओढून बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. मग उठून त्याने चहा टाकला, दोघांसाठी. किती वर्षांनी कुणास ठाऊक, त्या संध्याकाळी ते एका टेबलाशी बसले. तो म्हणाला, “तुला आठवतं, ती बिस्किट चहात बुडवून विसरून जायची?” आणि ती म्हणाली, “आणि मग चमच्याने मासे पकडायची.” दोघं हसले. हसता हसता त्याने तिच्या मनगटाला बोट लावलं, एखाद्या गरम भांड्याला लावावं तसं.

सकाळी ती ऑफिसात इतरांच्या आधी पोचली. कोरा कागद घेतला. तिची पद्धत ठरलेली होती: दुसऱ्याचं गणित वाचायचं नाही, स्वतः पहिल्यापासून करायचं आणि मग शेजारी ठेवायचं.

टाचेवरची माती नऊ पूर्णांक सात टन, उभा पाय साडेचार, पाया पावणेतीन. भिंतीच्या दर मीटर लांबीला एकूण सतरा टन. हे नानांशी जुळलं. मग मातीचा ढकलणारा जोर. त्यासाठी मातीचा घर्षणकोन लागतो, म्हणजे माती स्वतःला किती सावरून धरते त्याचं माप. कोन मोठा तर माती कमी ढकलते. तिने माती तपासणीचा वेगळा अहवाल काढला. टेकडीवरची माती जुना भराव होती, सैल. कोन तीस अंश.

तीस धरला की जोर साडेसात टन येतो. नानांच्या कागदावर होता पाच पूर्णांक सहा.

तिला वाटलं, आपलंच चुकलं. पुन्हा केलं. मग नानांचं ते पान उघडलं. तिथे, त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात, घर्षणकोनापुढे सदतीस लिहिलं होतं.

तीसला सदतीस चुकून लिहिलं जात नाही. आणि पस्तीस नाही, छत्तीस नाही. तिने छत्तीस घालून बघितलं: दाब पंधराच्या वर जात होता. सदतीसला तिन्ही तपासण्या जेमतेम, काठाकाठाने, पार पडत होत्या. कुणीतरी एकेक अंश वाढवत जिथे रांग वाचते तिथे थांबलं होतं.

मग तिने खऱ्या तीस अंशांवर एक मीटर वीसची टाच तपासली. उलटण्याविरुद्ध एक पूर्णांक सत्त्याहत्तर, दोन हवे होते. सरकण्याविरुद्ध एक पूर्णांक तेरा. आणि पायाखालचा दाब? सगळ्या वजनाची रेषा पायाच्या मधल्या तिसऱ्या हिश्शाच्या बाहेर, पुढच्या बाजूला पडत होती. म्हणजे टाच जमिनीवर टेकणारच नाही, मागून उचलली जाईल, आणि सगळा भार चवड्यावर. जवळजवळ वीस टन. जमीन सोसते पंधरा.

तिला चवड्यापुढची जमीन दबताना दिसली. मग बस थांबा.

नाना आले, डबा खणात ठेवला, तेव्हा ती त्यांच्या टेबलाशी उभी होती.

“नाना, सदतीस कुठून आलं?”

नानांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “सापडलं होय तुला?”

“तुम्हाला काय वाटलं होतं?”

“मला वाटलं होतं,” नाना हळू म्हणाले, “की या एका वेळेला तू नीट बघणार नाहीस.”

तिने हातातलं पान त्यांच्या टेबलावर ठेवलं. 

“अगं, त्या दिवशी मी तिथे होतो. तुझ्या नवऱ्याने माती ढकलायला फावडं घेतलं नाही, हाताने ढकलली. ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. आणि माझ्याच हाताने ते उकरायचं? अहवालात कमीच लिहितात, नेहमी हातचं राखून. प्रत्यक्षात माती चांगली असते. आणि सगळ्या तपासण्यांत आपण दीडपट, दुप्पट धरतोच ना? पडत नाही असली भिंत.”

“ती दीडपट कशासाठी असते, नाना? पाऊस मुरला, पाणी जायची छिद्रं तुंबली, कुणी वर ट्रक उभा केला, त्याच्यासाठी. ती माझ्यासाठी नसते.”

“मग मागे चांगला मुरूम भरू. त्याचा कोन येतो सदतीस.”

हे तिलाही सुचलं होतं. सकाळपासून चार वेळा. “मुरूम भरून जोर कमी व्हायचा तर तो सगळ्या ढकलणाऱ्या मातीच्या जागी भरावा लागेल. टाचेमागे अजून पावणेतीन मीटर. म्हणजे पहिलीच नाही, दोन-तीन रांगा जातील.”

“खाली काँक्रीटचा दात काढ. जमिनीत रुतून धरेल.”

“सरकणं थांबेल त्याने. दाब नाही थांबणार.”

नानांनी खणातलं पेन काढलं. मग म्हणाले, “माझा डाग तुझ्या हाताला नको लागायला. मीच बदलतो.” त्यांनी पान मागे घेतलं, सदतीसवर रेघ मारली आणि तीस लिहिलं. त्यांचं अक्षर पहिल्यांदाच वाकडं आलेलं तिने पाहिलं.

दोन दिवस तिने सगळे मार्ग धुंडाळले. मागच्या मातीत लोखंडी सळ्यांचे नांगर रुतवून भिंत त्यांना बांधायची, तर सैल भरावात नांगराला पकड नव्हती आणि तो इतरांच्या माणसांच्या खालून जाणार होता. खांब खोलवर उतरवायचे, तर ते यंत्र जलवाहिनीवर उभं करता येत नव्हतं. टाच दहा-दहा सेंटिमीटरने वाढवत गेली. एक साठला उलटणं ठीक, सरकणं दाताने सांभाळता येईल, पण दाब पंधरा पूर्णांक तीन. त्या पूर्णांकानंतरच्या तीनकडे ती पुष्कळ वेळ बघत बसली. आणि एक साठ तरी काय, रांग एक चाळीसलाच सुरू होत होती. एक ऐंशीला तिन्ही तपासण्या निखळ बसल्या.

मग ती साहेबांकडे गेली आणि सगळं सांगितलं: रांगेतली चौथी जागा कुणाची, आपण फाइल का ठेवून घेतली. सदतीसचं फक्त सांगितलं नाही, ते नानांनी त्याच दुपारी स्वतः जाऊन सांगितलं. साहेब रागावले, आणि रागावून झाल्यावर खिडकीशी जाऊन उभे राहिले. फाइल बाहेरच्या तपासनीसाकडे गेली. त्याला कुणाचं काही माहीत नव्हतं. आठवड्याने उत्तर आलं: टाच, एक मीटर ऐंशी.

नवऱ्याला तिने रविवारी गाठलं, तिथेच. तो उकिडवा बसून गवत काढत होता. तिला पाहून त्याचा चेहरा उजळला, आणि तेच तिला सहन झालं नाही.

“मी खोटं सांगितलं,” ती म्हणाली. “न तपासता सांगितलं.”

तिने सगळं सांगितलं. नानांचंही. तो ऐकत राहिला, हातातलं गवत तसंच.

“म्हणजे नानांनी वाचवलं होतं,” तो म्हणाला.

“भिंत पडली असती.”

“असती म्हणजे? नक्की पडली असती?”

ती खोटं बोलू शकली असती. “नक्की नाही. कदाचित वीस वर्षं उभी राहिली असती. कदाचित पहिल्याच मोठ्या पावसात गेली असती. खाली बस थांबा आहे. मुलं उभी असतात.”

“इथेही एक मूल आहे.”

“आहे.”

“सात अंश,” तो म्हणाला. “माझ्या कामात सात अंशांनी दात वाकडा बसतो. माणूस चार दिवस कुरकुरतो. बास. तुला ते सात अंश नाही गिळता आले?”

“नाही.”

“तू तिला कधी बघायलासुद्धा येत नाहीस.” तो आवाज न चढवता बोलत होता, आणि ओरडला असता तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. “सहा वर्षं मी एकटा येतोय. माझ्याकडे एवढंच होतं. आणि त्या संध्याकाळी तू मला ते देऊन परत घेतलंस. परत घ्यायचंच होतं, तर दिलं नसतंस तरी चाललं असतं.”

 ती त्याच्याशेजारी गवतात बसली. तो उठला नाही, पण थोडा सरकला.

नऊ घरांना पत्रं गेली. नोव्हेंबरच्या एका सकाळी, दव असताना, काम सुरू झालं. ताडपत्रीचा आडोसा केला होता. चौथ्या जागेची वेळ आली तेव्हा नवऱ्याने खणणाऱ्यांना बाजूला केलं आणि स्वतः खाली उतरला. ती काठावर उभी होती. पेटीचं लाकूड मऊ पडलं होतं, तळ राहिला नव्हता. त्याने आणलेली नवी पेटी लहान होती, त्यांच्या घरातल्या ब्रेडच्या डब्याहून थोडी मोठी. काय काय हाती लागलं ते तिने पाहिलं: एक निळी प्लॅस्टिकची क्लिप, जशीच्या तशी. बाकी त्याने पाहू दिलं नाही. पाठ तिच्याकडे करून, दातांचे साचे उचलावेत तसं, दोन-दोन बोटांनी त्याने एकेक गोष्ट पेटीत ठेवली.

“मी धरू?” तिने विचारलं.

“नको.”

वरच्या अंगाला, सातव्या रांगेत, नव्या जागी त्याने पेटी ठेवली. माती ढकलताना मात्र तो थांबला आणि बाजूला झाला. तिला कळलं. तिने गुडघे टेकून हाताने माती लोटली. गार होती. उतारावरून खाली येताना तो दहा पावलं पुढे होता.

त्या महिन्याअखेरीस तो त्याच्या बहिणीकडे राहायला गेला. भांडून नाही. कोरण्यांची पेटी, कपडे, मुंगीची दोन चित्रं. म्हणाला, “तू बरोबर होतीस. नानाही म्हणाले मला, ती बरोबर आहे. पण त्या घरात तुझ्यासमोर बसून मला चहा गिळवत नाही. मी काय करू?”  तिने त्याच्या शर्टांच्या घड्या घालून दिल्या.

फेब्रुवारीत भिंत उभी राहिली. एक ऐंशीची टाच खोल पसरली होती, आणि आता तिच्यावर माती भरायची होती. वीस-वीस सेंटिमीटरचे थर, प्रत्येक थर दाबायचा, दाबला गेला का ते छोटा खड्डा करून वाळू ओतून मोजायचं, मगच पुढचा. भरावाच्या तपासणीला साहेबांनी दुसऱ्या कुणाला तरी पाठवायचं म्हटलं होतं. ती आपणहून गेली. वरून, सातव्या रांगेशी थोडं थांबून, मग खाली उतरली.

खोदलेली माती बाजूला एका ढिगात ठेवलेली होती. नऊ जागांची, मधल्या वाटेची, काठाच्या झुडपांखालची, सगळी एकत्र. त्यातली कुठली कुठली, ते आता कुणालाच सांगता आलं नसतं. मजूर पाट्या भरत होते, ओतत होते, आणि दाबयंत्र त्यावरून धडधडत फिरत होतं. प्रत्येक फेरीला माती थोडी खाली जाऊन बसत होती.

यंत्र चालवणाऱ्या बाईने ते बंद केलं, कपाळ पुसलं आणि वर बघितलं. “मॅडम, बसली ही. घालू का पुढचा थर?”

तिने वाकून वाळूचं माप बघितलं.  

“घाला,” ती म्हणाली.